‘सहा लाखांत मिटवलं’, पण सहा लाख आलेच नाहीत: जुनी बाकी जिवंत राहते का?

प्रश्न: माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एका कारखानदाराच्या शेडचं काम ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण केलं. ९ लाख ४० हजार येणं होतं. दीड वर्ष चपला झिजवल्या आणि शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सहा लाखांत मिटवायचं ठरलं. कागद केला, दोघांच्या सह्या आहेत. त्यात असं लिहिलंय: ‘रु. ६,००,००० स्वीकारून वरील बिलापोटीचे सर्व येणे पूर्ण व अंतिमरीत्या मिटले आहे असे उभयतांना मान्य आहे. सदर रक्कम पुढीलप्रमाणे द्यावयाची आहे.’ दोन लाख त्याच दिवशी मिळाले. बाकीच्या चार लाखांचे दोन चेक दिले. पहिला चेक दहा दिवसांपूर्वी बाउन्स होऊन परत आला. आता तो म्हणतो, ‘माझा भाऊ देईल, तसं लिहून घ्या.’ मूळ वर्क ऑर्डरवर त्याच्या मेहुण्याची जामीनदार म्हणून सही आहे. मी आता पूर्ण रक्कम मागू शकतो, की फक्त राहिलेले चार लाख? की ही तडजोडच रद्द करून टाकू?

उत्तर: भावाच्या नावाचा कागद आधी बाजूला ठेवा. माझं पुढचं लिखाण वाचून होईपर्यंत त्यावर सही करू नका आणि व्हॉट्सॲपवर ‘चालेल’ असंही उत्तर पाठवू नका. तसं का, ते पुढे सांगतो.

तुमचा सगळा प्रश्न ३ लाख ४० हजारांचा आहे. जुनी बाकी जिवंत असेल तर ९,४०,००० मधून मिळालेले दोन लाख वजा जाऊन ७,४०,००० येणं उरतं. ती जानेवारीतच मेली असेल तर येणं फक्त ४,००,००० आहे. त्या दिवशी तुम्ही नेमकं काय स्वीकारलं यावर हे ठरतं. सहा लाख देण्याचं *वचन* स्वीकारलं, की सहा लाख *प्रत्यक्ष मिळणं*? वचनच मोबदला म्हणून घेतलं असेल, तर जुनं येणं सहीबरोबर संपलं आणि वचन मोडल्यावर तुमच्या हाती फक्त त्या वचनावरचा दावा राहिला. पैसे प्रत्यक्ष हातात पडणं हाच मोबदला असेल, तर पैसे पूर्ण येईपर्यंत जुनं येणं संपतच नाही.

आपल्याकडे यासाठी करार कायद्यात, म्हणजे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, शेजारी शेजारी दोन कलमं आहेत. कलम ६२ म्हणतं की पक्षकारांनी जुन्या कराराच्या जागी नवा करार आणला, किंवा जुना रद्द केला वा बदलला, तर जुना करार पाळण्याची गरज उरत नाही. जुन्याच्या जागी नवा आणण्याला वकील मंडळी नोव्हेशन म्हणतात. कलम ६३ म्हणतं की ज्याला येणं आहे तो आपलं येणं पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो, मुदत वाढवून देऊ शकतो किंवा त्याऐवजी त्याला पटेल ती दुसरी भरपाई स्वीकारू शकतो. तडजोड करून ती पुरती होणं, ज्याला अकॉर्ड अँड सॅटिस्फॅक्शन म्हणतात, ते मुख्यतः या दुसऱ्या कलमात बसतं.

इंटरनेटवर वाचून पुष्कळजण इथे फसतात, कारण त्यांना इंग्लंडचा नियम सापडतो. तिथे १८८४ च्या फोक्स विरुद्ध बीअर या निकालापासून असं पक्कं आहे की मोठ्या कर्जापोटी निव्वळ कमी रक्कम घेतली, तर बाकीचं कर्ज माफ होत नाही, कारण त्या माफीला वेगळा मोबदला नसतो. भारतात तसं नाही. कलम ६३ च्या खालीच उदाहरण आहे की पाच हजारांच्या येण्यापोटी धनकोने दोन हजार ‘पूर्ण पोटी’ म्हणून घेतले, तर सगळं कर्ज फिटलं. वेगळ्या मोबदल्याची अट नाही. म्हणून ‘मी कमी घेतले, पण कायद्याने उरलेले मागता येतीलच’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

सुप्रीम कोर्टाचा कपूरचंद गोधा यांचा निकाल याच मुद्द्यावर आहे. जवाहिऱ्यांनी हैदराबादच्या निजामाच्या मुलाला, म्हणजे प्रिन्स ऑफ बेरारला दागिने विकले होते आणि त्यापोटी प्रॉमिसरी नोटा घेतल्या होत्या. येणं वाढत वाढत सत्तावीस लाखांच्या वर गेलं. हैदराबाद भारतात आल्यावर राजपुत्राची देणी मिटवण्यासाठी समिती नेमली गेली आणि वीस लाख ठरले. जवाहिऱ्यांनी दोन हप्त्यांत ते वीस लाख घेतले, नोटांवर पूर्ण फिटल्याचा शेरा मारला आणि मग उरलेल्या रकमेसाठी दावा लावला. सुप्रीम कोर्टाने कलम ६३ लावून तो फेटाळला. पूर्ण पोटी म्हणून देऊ केलेले पैसे पूर्ण पोटीच घ्यायचे असतात, पैसे ठेवून अट तेवढी नाकारता येत नाही.

तुमच्या कारखानदाराचा वकील हा निकाल नक्की दाखवेल. पण तुमच्यात आणि त्या जवाहिऱ्यांत एक मोठा फरक आहे. त्यांना वीसच्या वीस लाख मिळाले होते. तुम्हाला सहापैकी दोनच मिळालेत.

तुमच्या बाजूने मी जो निकाल ठेवेन तो मुंबईच्या एका फ्लॅटचा आहे: लता कन्स्ट्रक्शन विरुद्ध डॉ. रमेशचंद्र शहा, सुप्रीम कोर्ट. १९८७ मध्ये बिल्डरने फ्लॅट द्यायचा करार केला. फ्लॅट दिला नाही. १९९१ मध्ये दुसरा करार झाला की फ्लॅटऐवजी ९ लाख ५१ हजार रुपये द्यायचे. तेही दिले नाहीत. पुढे ग्राहक मंचात बिल्डर म्हणाला, १९८७ चा करार १९९१ मध्ये संपला, आता फ्लॅटचा प्रश्नच नाही. कोर्टाने ते मानलं नाही. नोव्हेशन व्हायला जुन्याच्या जागी नवा करार *पूर्णपणे* यावा लागतो. जुन्या करारातले हक्क नव्यात जिवंत ठेवले असतील, पैसे मिळेपर्यंत ते सोडलेले नसतील, तर तो नोव्हेशन नाही. बिल्डरने पैसे दिले नाहीत, म्हणून फ्लॅटचा हक्क तसाच राहिला.

त्याहून जुना, १८८८ चा कलकत्ता हायकोर्टाचा मनोहर कोयाल यांचा निकाल तर तुमच्या प्रकरणाशी फारच जुळतो. बाँडचे पैसे थकले. मुदत उलटल्यावर ठरलं की ४०० रुपये रोख आणि ७०० रुपयांचा नवा बाँड घ्यायचा. ऋणकोने ना रोख दिली ना बाँड. धनकोने मूळ बाँडवर दावा लावला आणि तो जिंकला. कोर्टाचं एक कारण असं होतं की कलम ६२ ‘मूळ करार पाळण्याची गरज नाही’ असं म्हणतं, म्हणजे ते करार मोडण्याआधीच्या बदलाबद्दल बोलतं, आणि इथे करार आधीच मोडला होता. या कारणावर मी तुमचा सगळा भार टाकणार नाही. कलमाखालचीच उदाहरणं आधीपासून देणं असलेल्या माणसाची आहेत, तेव्हा समोरचा वकील तिथे बोट ठेवणारच. तुमच्या कामाचं कारण दुसरं आहे: ठरलेली भरपाई मिळालीच नाही, म्हणून मूळ येणं फिटलं नाही.

आता तुमच्या कागदाकडे. हे दोन निकाल तुम्हाला किती उपयोगी पडतील ते त्या एका वाक्याच्या क्रियापदांवर आहे. तडजोडीचा कागद समोर आला की मी आधी रकमा पाहत नाही, क्रियापदं पाहतो. ‘रक्कम *दिल्यावर* येणे मिटेल’ असं असतं तर चिंता नव्हती; पैसे नाहीत, तर मिटणंही नाही. ‘रक्कम *देण्याचे कबूल केल्यामुळे* येणे मिटले आहे’ असं असतं तर मी तुम्हाला चार लाखांचाच दावा लावायला सांगितलं असतं, कारण तिथे कबुलीच मोबदला ठरते. तुमच्या कागदात दोन्ही रंग आहेत. ‘मिटले *आहे*’ हा भूतकाळ त्याच्या बाजूने आहे. ‘सहा लाख *स्वीकारून*’ हे तुमच्या बाजूने आहे, कारण स्वीकारणं आधी आणि मिटणं नंतर, आणि सहा लाख तुम्ही स्वीकारलेलेच नाहीत. पुढचं ‘द्यावयाची आहे’ हा भविष्यकाळही तेच सांगतो की सही करताना रक्कम आलेली नव्हती.

असा दुतोंडी कागद असला की कोर्ट आजूबाजूचं पाहतं. तुम्ही मूळ बिल त्याला परत दिलं का? हिशेबाच्या वहीत ३,४०,००० माफ म्हणून लिहून टाकले का? जीएसटीसाठी क्रेडिट नोट काढली का? यापैकी काही जानेवारीतच केलं असेल, तर तुम्ही स्वतःच खातं बंद केल्याचा तो पुरावा होईल. माझ्या एका अशिलाचं प्रकरण कागदावर चांगलं होतं. पण त्याच्या अकाउंटंटने तडजोडीच्या दुसऱ्याच दिवशी उरलेली रक्कम ‘बुडीत’ म्हणून काढून टाकली होती, आणि उलटतपासणीत तोच खातेउतारा समोर आला. तेव्हा आज संध्याकाळी आधी अकाउंटंटला फोन करा आणि वहीत काय आहे ते विचारा. काय आहे ते मला खरं कळायला हवं. मागच्या तारखेने काहीही बदलायचं नाही.

वहीत खातं उघडं असेल तर माझ्या मते तुमची ७,४०,००० ची बाजू चांगली आहे. चेक दिला म्हणजे पैसे दिले असं होत नाही. चेक ही सशर्त फेड असते, न वटल्यास फेड झालीच नाही असं धरतात. म्हणून ‘मी तर सहाच्या सहा लाख त्याच दिवशी दिले, दोन रोख आणि चार चेकने’ हे म्हणणं टिकणार नाही.

तडजोड रद्द करण्याबद्दल मात्र मी घाई करणार नाही. करार एकतर्फी रद्द करायला कारण लागतं. कलम ३९ प्रमाणे समोरच्याने आपला वाटा *संपूर्णपणे* पार पाडायला नकार दिला किंवा स्वतःला असमर्थ करून घेतलं, तर तुम्ही करार संपवू शकता. एक चेक न वटणं आणि ‘भाऊ देईल’ म्हणणं हा संपूर्ण नकार आहे का, यावर वाद घालता येईल. दुसरा चेकही परतला, किंवा त्याने ‘आता काही मिळणार नाही’ असं लिहून कळवलं, तर चित्र बदलेल. दुसरं कारण फसवणुकीचं. ‘कारखाना बंद होतोय, सहा लाखांच्या वर एक रुपया निघणार नाही’ असं सांगून त्याने तुम्हाला खाली आणलं, आणि त्याच वेळी त्याला मोठी ऑर्डर मिळालेली होती असं तुम्ही दाखवू शकलात, तर कलम १९ खाली तडजोड तुमच्या मर्जीने रद्द होऊ शकते. तेव्हा कलम ६४ प्रमाणे तिच्यातून मिळालेलं परत करावं लागतं. तुमच्या बाबतीत ते दोन लाख परत द्यायची वेळ बहुधा येणार नाही, कारण मूळ येण्यापोटी ते वळते करून घेता येतात. पण नोटिशीत ते वळते केल्याचं स्पष्ट लिहायला हवं.

रद्द करायचंच ठरवलं, तर ते त्याला कळवावं लागतं, मनात ठरवून भागत नाही. आणि कळवल्यावर तडजोडीप्रमाणे वागायचं नाही. पुष्कळ लोक नोटीस पाठवतात आणि पुढच्या महिन्यात पन्नास हजार यूपीआयने आले की ‘मिळाले, धन्यवाद, उरलेले लवकर द्या’ असं उत्तर देतात. तडजोड अजून चालू मानल्याचा पुरावा त्या एका ओळीतून तयार होतो. पैसे नाकारायची गरज नाही. उत्तर एवढंच द्या: ‘रु. ५०,००० मिळाले, मूळ बिलाच्या खात्यावर जमा केले.’

व्हॉट्सॲपवर ‘चालेल’ म्हणू नका असं वर सांगितलं, त्याचं कारणही कलम ६३ आहे. मुदत वाढवून द्यायला ना स्टॅम्प लागतो ना मोबदला. ‘ठीक आहे, पुढच्या महिन्यात द्या’ एवढं म्हणालात की पहिला चेक न वटण्याचा मुद्दाच ढिला होतो. मग तो म्हणेल, मुदत तुम्हीच दिलीत, मी करार मोडला कुठे?

आता भाऊ. कलम ६२ खालच्या पहिल्याच उदाहरणात असं आहे की जुना ऋणको, धनको आणि नवा माणूस असे तिघे मिळून ठरवतात की यापुढे नव्या माणसाकडूनच घ्यायचं. तेव्हा जुन्या माणसाचं देणं तिथेच संपतं. कारखानदाराला हेच हवंय. भाऊ सही करेल, तुम्ही सही कराल, आणि ज्याच्या नावावर कारखाना, शेड आणि मशिनरी आहे तो माणूस मोकळा. भावाच्या नावावर काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? भावाने *पैसे दिले* तर आनंदाने घ्या. तिसऱ्याने दिलेले पैसेही कायद्याला चालतात. पण पावती कारखानदाराच्याच नावाने फाडा आणि तिच्यावर ‘तुमच्याकडील येण्यापोटी तुमच्या बंधूंमार्फत’ असं लिहा. भाऊ लेखी जबाबदारी घ्यायला तयार असेल तर त्याला जामीनदार करा, बदली ऋणको करू नका. कागदात ‘याने मूळ ऋणकोची जबाबदारी कमी होत नाही’ हे वाक्य हवंच.

मेहुण्याबद्दल वाईट बातमी आहे. कलम १३५ म्हणतं की धनकोने जामीनदाराच्या संमतीशिवाय मुख्य ऋणकोशी तडजोड केली, त्याला मुदत देण्याचा किंवा दावा न लावण्याचा करार केला, तर जामीनदार सुटतो. जानेवारीच्या कागदावर मेहुण्याची सही नाही. दीड वर्ष तुम्ही नुसते थांबलात त्याने तो सुटला नसता, कारण नुसतं थांबणं आणि थांबण्याचा *करार* करणं यांत कायदा फरक करतो. पण लेखी तडजोडीने तो बहुतेक सुटला. मूळ जामीनपत्रात ‘ऋणकोशी कोणतीही तडजोड झाली तरी जामीन कायम राहील’ अशी ओळ असेल तर वाचवता येईल. ते जामीनपत्र शोधून ठेवा. तसं काही नसेल तर मेहुण्याला प्रतिवादी करून दावा लांबवण्यात मला फायदा दिसत नाही.

चेकचं घड्याळ चालू झालेलं आहे. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. तुमचे दहा गेले. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस मिळतात, आणि ते उलटल्यावर एक महिन्यात फौजदारी कोर्टात तक्रार करावी लागते. या नोटिशीत *फक्त त्या चेकची रक्कम* मागा. चेक दोन लाखांचा असेल तर दोन लाखच. रागाच्या भरात त्यातच ‘एकूण ७,४०,००० द्या’ असं घातलं की नोटिशीत चेकच्या रकमेची स्पष्ट मागणीच नाही असा आक्षेप येतो, आणि अशा गोळा मागणीमुळे तक्रारी पडलेल्या आहेत. ७,४०,००० ची नोटीस वेगळी काढा. दोन्हींत ‘आमचे इतर हक्क अबाधित ठेवून’ असं लिहा, म्हणजे तडजोडीचा चेक मागितला म्हणून तडजोड अंतिम मानली असं त्याला म्हणता येणार नाही. पंधरा दिवसांत त्याने चेकचे पैसे भरले, तर ते मूळ खात्यावर जमा केल्याचं कळवा.

इथे एक धोका सांगायला हवा. २०२१ मध्ये गिम्पेक्स विरुद्ध मनोज गोयल या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की चेकच्या तक्रारीत तडजोड झाली आणि तडजोडीतला नवा चेकही परतला, तर जुन्या चेकची आणि नव्या चेकची अशा दोन्ही फौजदारी तक्रारी एकदम चालवता येत नाहीत. जुनी तडजोडीत विलीन होते. तुमच्या मूळ बिलापोटी चेकच नव्हता, त्यामुळे हा निकाल तुम्हाला थेट लागत नाही. पण त्यामागचा विचार समोरचा वकील दिवाणी दाव्यात ओढून आणेल: तडजोड डोळे उघडे ठेवून केलीत, तर ती मोडण्याचा धोकाही तुमचाच. त्याला उत्तर पुन्हा तुमच्या कागदातल्या ‘स्वीकारून’ या शब्दात आहे.

दावा लावण्याच्या मुदतीची सध्या काळजी नाही. केलेल्या कामाच्या पैशांसाठी तीन वर्षं असतात, म्हणजे ऑगस्ट २०२६. त्याआधीच, जानेवारी २०२५ मध्ये, त्याने सही करून देणं मान्य केलं, तेव्हा तिथून नवी तीन वर्षं मोजता येतील. तो म्हणेल की मी सहा लाखच मान्य केले. म्हणून मी तुमच्या जागी ऑगस्ट २०२६ हीच शेवटची तारीख धरून चालेन.

दावा लावण्याआधी आणखी एक पायरी आहे. तीन लाखांवरच्या व्यापारी वादात तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल, तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करणं सक्तीचं आहे. ते न करता लावलेला दावा फेटाळला जातो, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात पक्कं केलं. मध्यस्थीत जाणारा वेळ मुदतीतून वगळला जातो. माझ्या अनुभवात अशी प्रकरणं बरीचशी तिथेच मिटतात, कारण एका बाजूला चेकची फौजदारी तक्रार उभी असते.

आणि तिथे परत तडजोड झाली, तर या वेळी कागद उलट्या क्रमाने लिहा. आधी संपूर्ण देणं मान्य करायचं, मग सूट द्यायची, आणि ती पैसे प्रत्यक्ष येण्याला बांधायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘देणे चार लाख, न दिल्यास सात लाख चाळीस हजार’ असं लिहिलं तर जास्तीचे ३,४०,००० हा दंड आहे असा वाद निघतो, आणि दंड कोर्ट कमी करू शकतं. ‘देणे सात लाख चाळीस हजार, वेळेत दिल्यास चारवर सोडू’ असं लिहिलं तर ती सवलत असते, आणि अट न पाळल्यास सवलत जाते, एवढंच. मी साधारण असं लिहितो:

‘मी मान्य करतो की आज रोजी माझ्याकडे आपले रु. ७,४०,००० येणे आहे व ते आजच देय आहे. मी दि. ____ पर्यंत रु. ४,००,००० आपल्या बँक खात्यात प्रत्यक्ष जमा केल्यास उर्वरित रु. ३,४०,००० आपण सोडाल. त्या तारखेपर्यंत संपूर्ण रु. ४,००,००० जमा न झाल्यास ही सूट आपोआप संपेल आणि रु. ७,४०,००० मधून तोवर जमा झालेली रक्कम वजा जाता बाकी लगेच देय राहील. चेक दिल्याने रक्कम जमा झाली असे धरले जाणार नाही. उशिरा आलेली रक्कम आपण स्वीकारली तरी मुदत वाढवली असे होणार नाही.’

त्याखाली कारखानदाराची सही. भाऊ आणि मेहुणा जामीनदार म्हणून यायला तयार असतील तर त्यांच्याही सह्या त्याच कागदावर, त्याच दिवशी, ‘वरील सर्व अटी वाचून संमती’ या ओळीखाली. मूळ बिल आणि वर्क ऑर्डर मात्र शेवटचा रुपया खात्यात दिसेपर्यंत तुमच्याच कपाटात ठेवा, आणि दुसरा चेक त्याच्यावरच्या तारखेलाच बँकेत भरा. तो फोन करून ‘थोडा थांबा’ म्हणाला, तरी भराच.